हा अधिकार आला कोठून?

इ. स. २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत आमच्या सोसायटीचें मासिक देयक घरीं आलें, तेव्हां त्यांत नेहमींच्या रकमांखालीं एक नवीच ओळ छापलेली आढळली: "साथरोग दंड, रु. १,०००." देयक आमच्या वडील बंधूंच्या, म्हणजे दादांच्या नांवाचें होतें. दादांनीं छत्तीस वर्षें सरकारी कचेरींत काढलीं, आणि एवढ्या अवधींत त्यांच्या नांवावर ठपका म्हणून एक ओळ कोणी लिहिली नाहीं. त्यामुळें ती दंडाची ओळ वाचून त्यांचा चेहरा जो उतरला, तो त्या हजार रुपयांपायीं नव्हे.

घडलें होतें तें एवढेंच. वहिनी पक्षाघातानें तीन वर्षें अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना स्नान घालणें, कुशीवर वळविणें, अंथरूण बदलणें या कामासाठीं एक बाई दोन्ही वेळां येत असे. जुलै महिन्यांत सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली कीं, "साथरोग अधिनियम, १८९७ अन्वयें" बाहेरच्या कोणाही व्यक्तीस कोणत्याही सदनिकेंत प्रवेश नाहीं. मोडल्यास हजार रुपये दंड व पोलिसांत तक्रार. अठरा दिवस मी आणि दादा मिळून वहिनींना उचलीत होतों. मग त्यांच्या पाठीला व्रण दिसूं लागले, आणि दादांनीं बाईंना दोन दिवस वर बोलाविलें.

"अरे, कायद्याचें नांव घातलें आहे त्यांनीं. भरून टाकूं," दादा म्हणाले.

"दादा, तुम्ही तो कायदा वाचला आहे काय?" मीं विचारलें.

त्यांनीं वाचला नव्हता, मींही नव्हता. आणि पुढें कळलें कीं नोटीस लावणाऱ्या चिटणिसांनींही वाचला नव्हता. त्या रात्रीं आम्हीं तो काढून मेजावर पसरला. वाचकांपुढें आज ठेवावयाचें आहे तें त्या रात्रीचें वाचन.

कायदा वाचावयाचा म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटल्या ओळीपर्यंत वाचीत जावयाचें, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्यापाशीं जर कोणाचा हुकूम आलेला असेल, तर वाचन उलट्या बाजूनें करावें लागतें. हुकूम हातांत धरावा आणि विचारावें, हा देणाऱ्यास अधिकार कोणीं दिला? त्यानें नियमाकडे बोट दाखविलें, तर तो नियम करण्याचा अधिकार कोणत्या कलमानें कोणास दिला? अशा रीतीनें मागें मागें जात कायद्याच्या शब्दापर्यंत पोंचलें पाहिजे. मधली एक कडी नसेल तर साखळी तुटली, मग वरच्या कायद्याचें नांव कितीही मोठें असो. व्याकरण शिकलेल्यांस ही रीत परकी वाटूं नये. सूत्रांतला एखादा शब्द उमगला नाहीं म्हणजे आपण मागच्या सूत्रांत त्याची अनुवृत्ति शोधतों आणि त्याची संज्ञा कोठें सांगितली तें पाहतों. कायदे लिहिणारेही तसेच काटकसरी असतात. एका ठिकाणीं बोललेलें दुसऱ्या ठिकाणीं पुन्हा बोलत नाहींत.

हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं, मुंबईंत ग्रंथिज्वर शिरल्यावर अगदीं घाईनें झाला. मूळची कलमें चार. पहिल्यांत नांव व व्याप्ति, दुसऱ्यांत अधिकार, तिसऱ्यांत शिक्षा, चौथ्यांत अंमलदारांस संरक्षण. संबंध मजकूर दोन पानांत मावतो.

प्रथम आम्हीं व्याख्या शोधूं लागलों. मूळ कायद्यांत त्या नव्हत्याच! "घातक साथीचा रोग" म्हणजे काय, याची व्याख्या कोठेंही नाहीं. एप्रिल २०२० च्या अध्यादेशानें आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांतील दुरुस्तीनें व्याख्यांचें एक कलम मध्यें घातलें, पण त्यांत हिंसाचार, आरोग्यसेवेंतील कर्मचारी आणि मालमत्ता यांच्याच व्याख्या आहेत, कारण त्या दुरुस्तीचा रोख डॉक्टर व परिचारिका यांच्यावर हल्ले करणाऱ्यांकडे होता. (पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंतचा जो दंड त्या दिवसांत सर्वांच्या तोंडीं होता, तो त्या हल्ल्यांबद्दलचा. आमच्या चिटणिसांच्या मनांत बहुधा तोच घोळत असावा.) व्याख्या नसली म्हणजे शब्द सैल राहतो, आणि तो सैलपणा बहुधा सत्तेच्या पथ्यावर पडतो. साथ घातक आहे कीं नाहीं, तें सरकारची खात्री झाली म्हणजे ठरलें.

एक शब्द मात्र आम्हांस अडवून बसला. दुसऱ्या कलमांत सरकारनें "कोणत्याही व्यक्तीस" अधिकार द्यावा असें आहे. सोसायटी ही व्यक्ति काय? अशा वेळीं जनरल क्लॉजेस ॲक्ट पाहावा लागतो. हा केंद्राच्या सर्व कायद्यांचा जणुं संज्ञाप्रकरण आहे. त्यांत व्यक्ति या शब्दांत कंपनी व मंडळी, नोंदलेली असो वा नसो, येते असें सांगितलें आहे. मी आनंदानें पुस्तक मिटणार, तों दादांनीं तारखेवर बोट ठेवलें. ते जन्मभर आवकजावक पाहात आलेले! जनरल क्लॉजेस ॲक्ट ११ मार्च १८९७ चा, आणि त्यांतील व्याख्या त्याच्यानंतर झालेल्या कायद्यांस लागू. साथरोगाचा कायदा तर पांच आठवडे आधींचा. पण पुढच्याच, चौथ्या कलमांत कांहीं निवडक शब्दांच्या व्याख्या ३ जानेवारी १८६८ नंतरच्या कायद्यांसही लागू केल्या आहेत, आणि त्या यादींत "व्यक्ति" हा शब्द आहे. तेव्हां सोसायटी ही व्यक्ति ठरूं शकते. म्हणजे हा मुद्दा आमच्याविरुद्ध गेला. सरकारनें मनांत आणलें असतें तर आमच्या समितीसही अधिकार देतां आला असता. प्रश्न उरला, तो दिला होता काय?

आतां दुसरें कलम. सगळा जीव येथें आहे. घातक साथ आली आहे किंवा येण्याचा धोका आहे अशी राज्य सरकारची खात्री झाली पाहिजे, ही एक अट. चालू असलेले नेहमींचे कायदे अपुरे आहेत असें त्यास वाटलें पाहिजे, ही दुसरी. मग त्यास दोन गोष्टी करितां येतात: स्वतः उपाय योजावे किंवा कोणास तसे योजण्यास सांगावें अगर अधिकार द्यावा, ही एक, आणि जाहीर सूचनेनें लोकांनीं पाळावयाचे तात्पुरते नियम घालून द्यावे, ही दुसरी. या वाक्याचा कर्ता सरकार आहे. अधिकार देणारें सरकार. ज्यास तो मिळाला त्यानें तो आणखी तिसऱ्यास वांटावा असें येथें म्हटलेलें नाहीं. विश्वासानें सोंपविलेलें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें, पुढें सोंपवावयाचें असेल तर तसें शब्दांत लिहिलेलें हवें, हा कायद्याचा जुना दंडक आहे.

याचा पुरावा मूळच्या कलमांतच आहे. १८९७ सालीं अधिकार प्रांतिक सरकारास नव्हता, गव्हर्नर-जनरल आणि त्याचें कौन्सिल यांस होता. म्हणून त्यांत एक तिसरें पोटकलम घातलें होतें: हे अधिकार प्रांतिक सरकारांनींही चालवावे असा हुकूम गव्हर्नर-जनरलला करितां येईल. पुण्यांत त्या वर्षीं रँडसाहेबाची प्लेग कमिटी आली, ती याच उतरंडीवरून. कलकत्त्याहून मुंबईस आणि मुंबईहून पुण्यास. १९२० सालीं अधिकार थेट प्रांतिक सरकारांस दिला, तेव्हां तें पोटकलम निरुपयोगी म्हणून काढून टाकलें. अधिकार आपोआप खालीं झिरपत असता, तर तें पोटकलम लिहिण्याचें कारणच नव्हतें.

२०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें मार्च महिन्यांत या कायद्याखालीं कोविडचे नियम काढले आणि आरोग्य व महसूल खात्यांचे अधिकारी, जिल्हाधिकारी व पालिका आयुक्त यांना अधिकार दिले. तेथपर्यंत साखळी शाबूत आहे. तेथून आमच्या इमारतीच्या फलकापर्यंत येणारी कडी आम्हांस सांपडेना.

येथें वाचकांस एक शंका येईल, आणि ती आम्हांसही आली. कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत विशिष्ट गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत आगगाडीनें अगर अन्य रीतीनें प्रवास करणारांची तपासणी आणि संशयितांस वेगळें ठेवणें ही आहेत. घरांत कोणी यावें, कोणी येऊं नये, याचें तेथें नांव नाहीं. मग असा नियम सरकारास तरी करितां येतो काय? पुण्यांत मार्च १८९७ पासून शिपाई घराघरांत, देवघरापर्यंत शिरले, त्या झडतीचाही या यादींत उल्लेख नाहीं. याचें उत्तर यादीच्या प्रारंभींच्या शब्दांत आहे. वर दिलेल्या सर्वसाधारण अधिकारास बाध न येतां, विशेषतः पुढील गोष्टी करितां येतील, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. आपण ते शब्द भरताड समजून ओलांडून जातों.

याच शब्दांवरून पूर्वीं केवढें रण माजलें तें सांगण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धांत केशव तळपदे यांस मुंबई सरकारनें भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखालीं अटकेंत ठेवलें. मूळ कायद्यांतील यादींत, ज्याच्याविषयीं सकारण संशय आहे अशा माणसास अटकेंत ठेवण्याबद्दल नियम करावा, असें होतें. नियमांत मात्र, सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे, असें लिहिलें. कायद्यानें मागितलेला "सकारण संशय" नियम करितांना गळला! फेडरल कोर्टानें २२ एप्रिल १९४३ रोजीं ठरविलें कीं हा नियम दिलेल्या अधिकाराबाहेरचा, म्हणून निरर्थक. कांहीं दिवसांतच सरकारनें अध्यादेश काढून मूळ कायद्याचे शब्दच, तेही मागील तारखेपासून, बदलून टाकले. पुढें १९४५ सालीं शिवनाथ बॅनर्जी यांच्या प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें म्हटलें कीं फेडरल कोर्टाची ती वाचनाची रीतच चुकली होती. पोटकलमांतील यादी ही उदाहरणादाखल असते, खरा अधिकार पहिल्या पोटकलमांतच असतो, आणि यादींत नसलेला नियमही त्याच्या बळावर उभा राहूं शकतो.

माझें मन फेडरल कोर्टाकडे ओढतें हें मी लपवीत नाहीं. कायदा करणारानें यादी करण्याचे श्रम घेतले, तर तिला कांहीं वजन असावें. परंतु आज कायदा प्रिव्ही कौन्सिलच्या रीतीनेंच वाचला जातो. म्हणून यादींत आपली गोष्ट नाहीं एवढ्यावरून हुकूम बेकायदा आहे असें कोणी समजूं नये. पुष्कळ अर्ज येथेंच फसतात. सरकारनें जर बाहेरच्यांस घरांत घेऊं नका असा नियम केला असता, तर तो टिकला असता असें मला वाटतें. आमचें म्हणणें एवढेंच होतें कीं तो सरकारनें केलेला दाखवा.

यानंतर शिक्षेचें कलम. दादांचा डोळा त्याच्यावर आधींपासून होता. तिसरें कलम म्हणतें कीं या कायद्याखालीं केलेला नियम अगर हुकूम मोडील त्यानें भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखालील गुन्हा केला असें मानलें जाईल. शिक्षा या कायद्यांत नाहींच, ती दुसऱ्या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ उघडला, तेव्हां दोन गोष्टी दिसल्या. पहिली, ज्या लोकसेवकानें हुकूम काढला त्यास तो काढण्याचा कायदेशीर अधिकार असला पाहिजे, असें १८८ व्या कलमांतच लिहिलें आहे. अधिकाराचा प्रश्न वरच्या मजल्यावर सुटला असें समजून आपण खालीं यावें, तर तो तेथेंही दारांत उभा! दुसरी, शिक्षेचें प्रमाण. साध्या अवज्ञेस एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड. माणसांच्या जिवास वा आरोग्यास धोका होत असल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हा दंड कोर्टानें करावयाचा. आणि १८८ खालील गुन्ह्याची दखल कोर्टानें संबंधित लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवांचून घ्यावयाची नाहीं, असें फौजदारी प्रक्रियेच्या संहितेंत होतें. साथरोगाच्या खटल्यांसही ही अट लागू कीं नाहीं, यावर पुढें कोर्टांत वाद झाले. परंतु सोसायटीच्या चिटणिसानें देयकांत ओळ छापून दंड वसूल करावा, असें कोणत्याही वाचनांतून निघत नाहीं. फौजदारी दंड हा देयकांत मिळवावयाचा आंकडा नव्हे.

या ठिकाणीं आज एक भर घातली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून ती दंड संहिता रद्द झाली. मग साथरोगाच्या कायद्यांतील "१८८" हा आंकडा पोकळ झाला काय? नाहीं. जनरल क्लॉजेस ॲक्टाचें आठवें कलम सांगतें कीं एखादी तरतूद रद्द करून फेरबदलासह पुन्हा केली, तर इतर कायद्यांतील तिचा उल्लेख नव्या तरतुदीचा समजावा. आतां तेथें भारतीय न्याय संहितेचें २२३ वें कलम वाचावयाचें. त्यांत साध्या अवज्ञेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, आणि धोका असल्यास एक वर्ष किंवा पांच हजार, असें प्रमाण वाढलें आहे. पण २०२० सालीं घडलेल्या गोष्टीस ही वाढीव शिक्षा लागत नाहीं. न्याय संहितेच्या शेवटीं, ३५८ व्या कलमांत, निरसन व व्यावृत्ति आहे. जुन्या संहितेखालीं ओढवलेली शिक्षा आणि तिची चौकशी जुन्याप्रमाणेंच चालेल असें तें म्हणतें. कायद्याचें शेवटचें कलम कोणी वाचीत नाहीं. पण जुना हुकूम अजून जिवंत आहे कीं मेला, हें बहुधा तेथेंच लिहिलेलें असतें.

उरलें चौथें कलम, अंमलदारांच्या संरक्षणाचें. दादांचें पत्र पोंचल्यावर चिटणीस स्वतः घरीं आले आणि त्यांनीं तेंच पुढें केलें. कोणीतरी त्यांना तेवढें दाखविलें होतें. "आम्हीं सद्भावनेनें केलें, आमच्यावर दावा चालत नाहीं," ते म्हणाले. त्यांचा भाव खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या स्वतःच्या वडिलांस त्याच महिन्यांत इस्पितळांत ठेवलें होतें, आणि भ्यालेला माणूस कुलुपें वाढवितो. तें कलमही चांगलें रुंद आहे. या कायद्याखालीं केलेल्या, किंवा सद्भावनेनें करूं पाहिलेल्या, गोष्टीबद्दल कोणावर दावा लागत नाहीं. परंतु ती ढाल आहे. तिनें दावा अडेल कदाचित्, पण नसलेला अधिकार तिच्यांतून उत्पन्न होत नाहीं. दादा कोणावर दावा लावीत नव्हते. तेच दंड मागत होते.

आणखी एक दार आम्हांस तपासावें लागलें. हुकुमावर चुकीच्या कलमाचें नांव घातलें, पण खरा अधिकार दुसरीकडे असला, तर निव्वळ नांव चुकलें म्हणून हुकूम पडत नाहीं. म्हणून आपत्ति व्यवस्थापन अधिनियम, २००५ पाहिला. त्यांतही शिक्षा कोर्टामार्फतच. मग सोसायटीचे उपविधि पाहिले. त्यांत उपविधि मोडल्याबद्दल दंडाची सोय होती, पण आधीं सभासदाचें म्हणणें ऐकून घेऊन आणि सर्वसाधारण सभेनें ठरवून. सभा तर त्या वर्षीं भरलीच नव्हती.

दादांच्या पत्रांत आरोप एकही नव्हता. तीन प्रश्न होते, त्यांच्या कचेरींतल्या अक्षरांत. प्रवेशबंदीचा नियम कोणत्या तारखेच्या कोणत्या जाहीर सूचनेंत आहे? समितीस अधिकार देणारा हुकूम कोणाच्या सहीचा आहे? दंड कोणत्या कोर्टानें कोणत्या दिवशीं केला? शेवटीं, या तिहींपैकीं एक जरी कागद दाखविला तरी रक्कम त्याच दिवशीं भरूं, असें लिहिलें होतें. आणि तें ते मनापासून लिहीत होते.

उत्तर आलें नाहीं. सप्टेंबरच्या देयकांतून मात्र ती ओळ गेली, आणि पहारेकऱ्यानें बाईंस फाटकाशीं अडविणें सोडलें. तापमान पाहून, हात धुवायला लावून तो त्यांना वर सोडूं लागला, आणि तें योग्यच होतें. वहिनींच्या पाठीचे व्रण भरून यायला दिवाळी उजाडली. ऑगस्टचें तें देयक दादांनीं फाडलें नाहीं. पत्राची प्रत त्याला टांचून त्यांनीं तें आपल्या फाईलींत तारखेनुसार लावून ठेविलें आहे.